‘सर्व कामे वेळेत पूर्ण केली’

मार्च सरत आला की कंपन्यांमधून सेल्फ अप्रेझलचे फॉर्म फिरू लागतात. त्यात एक रकाना हमखास असतो: वर्षभरातली मोजता येण्याजोगी कामगिरी. विक्री विभागातला माणूस तिथे लाखांचा आकडा टाकतो आणि चहाला जातो. उत्पादन विभागाकडे नगांची संख्या असते, रिजेक्शनची टक्केवारी असते. अॅडमिनच्या टेबलावरची व्यक्ती मात्र त्या रकान्यापाशी अडते आणि शेवटी ‘सर्व कामे वेळेत पूर्ण केली’ असं लिहून मोकळी होते. असे फॉर्म वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. हे वाक्य वाचून कुणाचंच मत बदलत नाही, कारण मागच्या वर्षीही तेच लिहिलेलं असतं आणि शेजारच्या टेबलावरून आलेल्या फॉर्ममध्येही तेच असतं.

त्यावर हल्ली सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘आकडे टाका’. मग फॉर्ममध्ये ‘रोज 80 ईमेल हाताळले’, ‘महिन्याला 120 व्हाउचर तपासली’ अशी वाक्यं येतात. ती खोटी नसतात, पण त्यातून टेबलावर किती काम येतं एवढंच कळतं. ते काम तुमच्या हातून गेल्यामुळे काय बदललं, हे कळत नाही. नोकरीच्या अर्जात हा पहिला आकडा लागतोच, कारण वाचणाऱ्याला कामाचा आवाका समजायला हवा. परिणाम दाखवणारा आकडा वेगळा असतो आणि तो सहसा तीन गोष्टींतून निघतो: काम किती दिवसांत झालं, किती वेळा परत आलं आणि किती मागे पडून राहिलं.

गंमत म्हणजे हे मोजण्याची पद्धत आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत फार जुनी आहे. लिपिकाच्या टेबलावर कार्यविवरण नोंदवही असते. आलेला प्रत्येक कागद तिच्यात चढतो, त्यावर काय कारवाई झाली ते पुढच्या रकान्यात येतं आणि ठरावीक मुदतीला गोषवारा निघतो: मागील शिल्लक किती, नवीन आवक किती, निर्गती किती, शिल्लक किती. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी 1980च्या दशकात कचेरीच्या कामाची जी घडी बसवली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर माहीत झाली. सहा गठ्ठ्यांची पद्धत त्याच घडीतली. चालू असलेलं काम, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारं काम, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद असे गठ्ठे वेगळे केले, की लिपिकाकडे नेमकं काय तुंबलंय आणि काय दुसऱ्याकडे अडलंय हे एका नजरेत दिसतं. खाजगी ऑफिसांमध्ये नोंदवही गेली आणि तिच्या जागी ईमेल, व्हॉट्सअॅप आणि एक्सेल आलं. गोषवारा काढायची सवय मात्र तेवढी राहिली नाही. आकडे तिथेच पडून असतात, फक्त कुणी बेरीज करत नाही.

ती बेरीज कशी करायची ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेलं आहे आणि त्यातले आकडेही मी मांडलेले आहेत, पण असं टेबल तुम्हाला कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात सापडेल. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेघना अॅडमिनचं काम बघते. सर्व्हिस इंजिनिअर आणि विक्रीची माणसं दौऱ्यावर जातात, परत आल्यावर प्रवासखर्चाचं व्हाउचर भरून बिलांसकट तिच्याकडे देतात. ती ते तपासते, काही कमी असेल तर परत पाठवते, सगळं बरोबर असेल तर अकाउंट्सकडे देते आणि अकाउंट्स पैसे खात्यात जमा करतं. महिन्याला अशी शंभर-सव्वाशे व्हाउचरं येतात. या कामाबद्दल कारखान्यात एकच वाक्य कायम कानावर पडतं: “अहो मॅडम, माझे पैसे कधी येणार?”

मागच्या वर्षी हे काम कसं चाललं होतं, याची मेघनाकडे नोंद नाही. पण खुणा आहेत. कर्मचाऱ्याने व्हाउचर पाठवल्याचा ईमेल आहे, त्याला तारीख आहे. परत पाठवलं असेल तर तिचा ईमेल आहे. पैसे जमा झाल्याची तारीख अकाउंट्सच्या पेमेंट शीटमध्ये आहे. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत 342 व्हाउचरं आली होती. ती सगळी खणून काढायची गरज नसते. सुरुवातीच्या चारांतलं कुठलंही एक चिठ्ठी टाकून निवडायचं आणि तिथून पुढे दर चौथं घ्यायचं. अशी 85 व्हाउचरं झाली. आपल्याला आठवतात ती किंवा ज्यांची कटकट झाली ती व्हाउचरं निवडायची नाहीत, एवढी एकच अट.

एक्सेलमध्ये एका स्तंभात व्हाउचर पहिल्यांदा आल्याची तारीख, दुसऱ्यात पैसे जमा झाल्याची तारीख. मधले कामाचे दिवस काढायचे तर `NETWORKDAYS` हे सूत्र सगळे वापरतात आणि इथेच पहिली चूक होते, कारण ते सूत्र शनिवार-रविवार सुट्टी धरतं. भोसरीत बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तेव्हा सूत्र असं हवं:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,15)
```

यातला 15 म्हणजे ‘फक्त गुरुवार सुट्टी’. फक्त रविवारची सुट्टी असेल तर तिथे 11 येतो. हे सूत्र दोन्ही टोकांचे दिवस मोजतं, म्हणजे त्याच दिवशी काम झालं तर उत्तर 1 येतं, 0 नाही. ते चालतं, फक्त दोन्ही वर्षांना तोच नियम लावायला हवा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या वेगळ्या रकान्यात लिहून त्या सूत्राला चौथा घटक म्हणून देता येतात. मागच्या वर्षी गणपती सप्टेंबरात आणि यंदा ऑगस्टच्या शेवटी आले असतील, तर त्याची काळजी तिथे घेतली जाते.

आता या 85 आकड्यांचं करायचं काय? सरासरी काढावी असं कुणालाही वाटेल. पण प्रशासकीय कामांत सरासरी फार फसवते. नऊ व्हाउचरांना 4, 5, 5, 6, 6, 7, 7, 8 आणि 60 दिवस लागले असं धरा. साठवाल्या माणसाने नोकरी सोडली होती आणि त्याचं खातं बंद झालं होतं. बेरीज 108, सरासरी 12. प्रत्यक्षात नवांपैकी आठ जणांना आठ दिवसांच्या आत पैसे मिळाले आहेत आणि 12 दिवस तर एकालाही लागले नाहीत. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर उत्तर 6 येतं आणि तेच खरं चित्र आहे. याला मध्यक म्हणतात, एक्सेलमध्ये `MEDIAN`. साठ दिवसांचं प्रकरण लपवायचं नाही, ते शेजारी वेगळं सांगायचं. पण त्याच्यामुळे बाकीच्यांचा आकडा बिघडू द्यायचा नाही. फॉर्म वाचणाऱ्याला मध्यक हा शब्द नको असेल तर ‘निम्म्या व्हाउचरांचे पैसे अमुक दिवसांच्या आत’ असं लिहावं, ते सगळ्यांना समजतं.

मेघनाच्या 85 व्हाउचरांत मध्यक निघाला 11 दिवस. आणि त्यांतली 27 किमान एकदा परत गेली होती, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. हा दुसरा आकडा माझ्या मते जास्त मोलाचा, कारण उशीर का होतो याचं उत्तर त्यात आहे. तिने ती 27 पुन्हा काढून परत पाठवण्याचं कारण बघितलं. 12 व्हाउचरांवर विभागप्रमुखाची सही नव्हती. 8 वेळा हॉटेलच्या बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक नव्हता. 4 बिलांचे फोटो अस्पष्ट होते, उरलेल्या 3 ठिकाणी किरकोळ कारणं. म्हणजे 27 पैकी 20 खेपा दोनच गोष्टींमुळे झाल्या होत्या. त्यातली हॉटेलची गोष्ट तर अशी की माणूस परत आल्यावर ती दुरुस्त करणं म्हणजे हॉटेलला फोन करून, विनवण्या करून दुसरं बिल मागवणं. त्यात आठवडा सहज जातो.

यंदा जूनमध्ये तिने दोन बदल केले. व्हाउचरच्या खालच्या कोपऱ्यातली सहीची जागा वर, रकमेच्या शेजारी आणली. आणि दौरा मंजूर झाला की निघण्याच्या आदल्या दिवशी त्या माणसाला एक मेसेज जाऊ लागला: चेक-इन करताना काउंटरवर द्यायचं कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांक. बाकी काही नाही. ना नवं सॉफ्टवेअर, ना प्रशिक्षण.

यंदाच्या जुलै ते सप्टेंबरमध्ये 356 व्हाउचरं आली आणि या वेळी नमुना न घेता तिने प्रत्येकाची नोंद केली. परत गेली 46, म्हणजे 13 टक्के. मध्यक 11 वरून 6 दिवसांवर आला.

तुलना जुलै-सप्टेंबरची जुलै-सप्टेंबरशीच केली आहे, हे मुद्दाम. मार्चअखेरीला सगळ्यांना वर्षभराची बिलं आठवतात आणि अकाउंट्सचं ऑफिसही गळ्यापर्यंत बुडालेलं असतं. तेव्हा मार्चची तुलना मे महिन्याशी केली तर कुणी काही न करताही सुधारणा दिसते. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये दाखवल्या जाणाऱ्या ‘सुधारणां’पैकी कितीतरी निव्वळ एप्रिल उजाडल्याने झालेल्या असतात, आणि अनुभवी अकाउंटंट ते लगेच ओळखतो.

मागच्या वर्षीचा 32 टक्क्यांचा आकडा नमुन्यावरून काढलेला आहे. तो कितपत पक्का? इथे कामचलाऊ नियम असा: नमुन्यात जितकी प्रकरणं, त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि शंभराला त्याने भागायचं. 85 चं वर्गमूळ साधारण सव्वानऊ, म्हणून आकडा वर-खाली सुमारे 11 टक्क्यांनी हलू शकतो. म्हणजे खरं प्रमाण 21 ते 43 टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी. यंदाचं 13 टक्के त्या खालच्या टोकाच्याही बरंच खाली आहे, तेव्हा बदल खरा आहे असं म्हणता येतं. तिने 85 ऐवजी 16 व्हाउचरं पाहिली असती तर हाच आकडा 25 टक्क्यांनी हलला असता आणि काहीच सिद्ध झालं नसतं. म्हणूनच नगसंख्या वीस-तीसच्या आत असेल तर टक्केवारी लिहूच नये. ‘80 टक्के समाधानी’ लिहिण्यापेक्षा ‘10 पैकी 8’ लिहावं. वाचणाऱ्याला आकड्याचा जीव किती ते लगेच कळतं.

आता अवघड भाग. 11 दिवसांचे 6 दिवस झाले, पण हे श्रेय एकट्या मेघनाचं आहे का? चौकशी केल्यावर कळतं की ऑगस्टपासून अकाउंट्सने आठवड्यातून एकदा होणारं पेमेंट दोनदा करायला सुरुवात केली. त्याचा परिणाम याच आकड्यात मिसळलेला आहे. हे लपवून सगळं आपल्या नावावर लावणं धोक्याचं, कारण अप्रेझलच्या बैठकीत अकाउंट्सचे प्रमुखही बसलेले असतात आणि त्यांच्या फॉर्ममध्येही तेच 11 आणि 6 असू शकतात. उपाय साधा आहे: मधली एक तारीख धरायची. व्हाउचर पूर्ण होऊन अकाउंट्सकडे गेल्याची तारीख तिच्या ईमेलमध्ये आहेच. तेवढ्यावर एकूण कालावधीचे दोन तुकडे होतात. पहिला तुकडा, कर्मचाऱ्याकडून अकाउंट्सपर्यंत, 5 दिवसांवरून 2 वर आला. दुसरा, अकाउंट्सकडून खात्यात, 5 वरून 3 वर आला. पहिला तिचा, दुसरा त्यांचा. इथे एखादा चौकस साहेब विचारेल की 5 आणि 5 मिळून 11 कसे झाले? दोन तुकड्यांच्या मध्यकांची बेरीज एकूण मध्यकाइतकी येईलच असं नसतं, हे आधी माहीत असलं की त्या प्रश्नाला तोंड देता येतं.

वाचलेल्या वेळेचा हिशेबही करता येतो. मागच्या वर्षीचं प्रमाण कायम राहिलं असतं तर 356 पैकी सुमारे 114 व्हाउचरं परत गेली असती. प्रत्यक्षात 46 गेली, म्हणजे 68 खेपा वाचल्या. नमुन्याचं खालचं टोक, 21 टक्के, धरलं तरी 29 वाचल्या. परत पाठवलेल्या एका व्हाउचरमागे ईमेल, फोन, पुन्हा तपासणी मिळून तिची किती मिनिटं जातात, हे अंदाजाने न लिहिता दहा-बारा व्हाउचरांना घड्याळ लावून पाहावं. समजा वीस मिनिटं निघाली. 68 खेपांचे सुमारे साडेबावीस तास झाले, तीन महिन्यांत. महिन्याला सात-साडेसात तास, म्हणजे जवळपास एक कामाचा दिवस.

यापुढची पायरी बहुतेक लोक उत्साहाने चढतात आणि तिथे घसरतात. ते या तासांना पगाराने गुणून ‘कंपनीचे इतके हजार वाचवले’ असं लिहितात. कंपनीने मेघनाला तो एक दिवस कमी पगार दिलेला नाही. रुपया कुठेच वाचलेला नाही, तिचा वेळ मोकळा झाला आहे. त्या वेळात काय झालं ते लिहिलं तर वाक्याला अर्थ येतो. तिने त्या दिवसात, समजा, गाड्यांच्या डिझेलची बिलं आणि किलोमीटरची नोंद जुळवायला घेतली असेल, तर ते लिहावं. खरोखर पैसा वाचतो तो वेगळ्या ठिकाणी: कुरिअरचा करार, एकदाच घेतलेली स्टेशनरी, न वापरलेल्या टेलिफोन लाइन्स बंद करणं. तिथे मागची आणि आताची बिलं समोरासमोर ठेवता येतात, तेव्हा तिथे रुपये बिनधास्त लिहावेत.

हे सगळं फॉर्ममध्ये किंवा अर्जात उतरवायचं कसं? गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख राहिलेले लॅझ्लो बॉक यांनी अर्जातल्या वाक्यासाठी एक साचा सुचवला होता, तो बराच गाजला: काय साधलं, ते कशाने मोजलं आणि ते कसं केलं, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात. मेघनाचं वाक्य साधारण असं होईल: ‘प्रवासखर्चाची व्हाउचरं (महिन्याला सुमारे 120) परत जाण्याचं प्रमाण वर्षभरात साधारण 32 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आणलं आणि अकाउंट्सकडे जाण्याआधीचा कालावधी 5 दिवसांवरून 2 दिवसांवर आला, त्यासाठी व्हाउचरचा नमुना बदलला आणि दौऱ्याआधी जीएसटीची माहिती पाठवण्याची पद्धत सुरू केली.’ आवाका, फरक आणि कृती, सगळं आलं. प्रशासकीय कामात साच्यातला शेवटचा भाग, ‘कसं केलं’, सगळ्यात जड. विक्रीच्या माणसाचा आकडा बाजाराने चढतो-उतरतो, पण सहीची जागा वर कुणी आणली याबद्दल वाद होत नाही.

आकडा एकदा दाखवला की तो पुढच्या वर्षी उद्दिष्ट म्हणून परत येतो, हे मात्र गृहीत धरावं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेलं निरीक्षण पुढे त्यांच्याच नावाने नियम म्हणून रूढ झालं: एखाद्या मापाचा उपयोग नियंत्रणासाठी सुरू झाला की ते माप पूर्वीसारखं भरवशाचं राहत नाही. हे समजायला आपल्याला बँक ऑफ इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही. कागद घेऊन खिडकीवर गेल्यावर “हे पूर्ण करून आणा, मग आवक नंबर देतो” हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही? आवक शिक्क्यापासून दिवस मोजले जाणार असतील तर शिक्काच उशिरा मारायचा, की कागदोपत्री सगळी कामं मुदतीत होतात. मेघनाच्या जागी आलेली पुढची व्यक्तीही हेच करू शकते: अपुरं व्हाउचर दारातूनच परत पाठवायचं आणि पूर्ण आलं की त्या दिवसापासून मोजायचं. 5 चे 2 काय, 1 दिवसही दिसेल. ग्राहकसेवेत याचीच दुसरी तऱ्हा चालते. तक्रार न सोडवता ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद करायची, ग्राहकाने पुन्हा फोन केला की नव्या क्रमांकाने नवी तक्रार.

म्हणून एक आकडा कधीच एकटा द्यायचा नाही. वेगाच्या जोडीला दर्जाचा आकडा हवा. दिवसांसोबत परत गेलेल्यांची संख्या, बंद केलेल्या तक्रारींसोबत त्याच ग्राहकाचा पुन्हा आलेला फोन. आणि मोजणी कुठल्या तारखेपासून, हे शब्दांत लिहून ठेवायचं: ‘कर्मचाऱ्याने पहिल्यांदा पाठवल्याच्या ईमेलपासून’. एवढं लिहिलेलं असलं की शिक्क्याची युक्ती चालत नाही, आणि तुम्ही ती चालवलेली नाही हेही दिसतं.

काही कामं मात्र अशी असतात की ती नीट झाली तर काहीच घडत नाही. लिफ्टचा परवाना, अग्निशामक नळकांड्यांची तपासणी, गाड्यांचे विमे आणि पीयूसी, जनरेटरचा देखभाल करार. यातलं एकही चुकलं नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक चुकलं की सगळ्या कारखान्याला कळतं. इथे शून्य हाच आकडा असतो, पण नुसतं ‘एकही परवाना चुकला नाही’ पुरत नाही. किती होते ते सांगावं लागतं: ‘वर्षभरात नूतनीकरणाला आलेले 26 परवाने आणि करार, पैकी मुदत उलटलेले 0’. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना फार बोलका असतो, तो म्हणजे मुदत संपण्याआधी किती दिवस काम झालं. सगळी कामं शेवटच्या दोन दिवसांत धावपळ करून झाली असतील, तर शून्य निव्वळ नशिबाने मिळालं आहे. निम्मी तीन आठवडे आधी झाली असतील, तर त्यामागे कुणाचं तरी नियोजन आहे. मागच्या वर्षी दोन विमे उलटले होते आणि दंड भरावा लागला होता, अशी नोंद सापडली तर तीही जोडावी. मात्र ‘अपघात टाळले’ असं लिहू नये. न घडलेला अपघात मोजता येत नाही, वेळेवर झालेली तपासणी मोजता येते.

चित्रकार, मजकूर लिहिणारे, मासिकाच्या संपादन विभागातले लोक यांचं दुखणं थोडं निराळं. त्यांच्याकडे आयते आकडे असतात, पण ते त्यांचे नसतात. माहितीपत्रक देखणं झालं म्हणून मालाची विक्री वाढली, असं डिझायनर लिहितो तेव्हा किंमत उतरली होती, दिवाळी होती, विक्रेत्यांना जादा कमिशन होतं, हे सगळं वाक्याबाहेर राहतं. त्याने स्वतःच्या टेबलावरचं मोजावं. कामाची मागणी आल्यापासून अंतिम मंजुरीपर्यंत किती दिवस गेले, मधे किती वेळा बदल झाले, आणि त्यांतले किती बदल मुळातली मागणी अपुरी असल्याने झाले. शेवटचा आकडा काढला तर बऱ्याचदा सापडतं की निम्मे बदल रंग-अक्षरांचे नसून चुकीच्या फोन नंबराचे, जुन्या पत्त्याचे, बदललेल्या किमतीचे आहेत. मग मागणीचा एक छोटा तक्ता करून घ्यायचा आणि पुढच्या वीस-तीस कामांत फेऱ्या कमी होतात का ते बघायचं. प्रूफ तपासणाऱ्याला छापल्यानंतर सापडलेल्या चुका दर शंभर पानांमागे मोजता येतात. त्यासाठी छापलेला अंक कुणीतरी तिऱ्हाइताने वाचायला हवा, स्वतः तपासलेल्याच चुका पुन्हा शोधून उपयोग नसतो. चित्र चांगलं आहे की नाही, मथळा मनात राहतो की नाही, हे यांतल्या कुठल्याच आकड्यात येत नाही. त्यासाठी चित्र आणि मथळाच दाखवावा लागतो, शेजारी दोन ओळी लिहून: आधी काय होतं, काय बदललं, का. त्याला ओढूनताणून टक्केवारी चिकटवली की चांगलं कामही संशयास्पद दिसू लागतं.

मुलाखतीत किंवा बैठकीत आकड्याची खरी परीक्षा एका प्रश्नात होते: “हे 32 टक्के कुठून आले?” उत्तरात ‘अंदाजे’ एवढंच आलं की पुढचं सगळं वाया. ‘मागच्या वर्षीच्या तीन महिन्यांतलं दर चौथं व्हाउचर पाहिलं, 85 पैकी 27’ असं आलं की समोरचा माणूस पुढे सरसावून बसतो आणि बोलणं कामावर येतं. म्हणून एक्सेलची ती शीट जपून ठेवायची. नोकरी बदलताना ती सोबत न्यायची नाही, त्यात सहकाऱ्यांची नावं आणि कंपनीच्या रकमा असतात. न्यायची ती प्रमाणं, दिवस आणि मोजण्याची रीत, आपल्या वहीत लिहून.

मागच्या वर्षाच्या खुणाच उरलेल्या नसतील, ईमेल पुसले गेले असतील, तर जुना आकडा तयार करायच्या भानगडीत पडू नये. आजपासून दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद करावी: आलं कधी, गेलं कधी, परत गेलं का, का गेलं. चार स्तंभ, दिवसाकाठी दहा मिनिटांचं काम. बदल त्यानंतर करायचा. कामाच्या ओघात हाच क्रम हमखास उलटा होतो. माणूस आधी उत्साहाने सुधारणा करून टाकतो आणि मार्चमध्ये फॉर्म समोर आल्यावर पूर्वी काय होतं ते शोधत बसतो.